1961 गाळलं आणि उतरती रेघ चढली

भाचीने जून महिन्यात फाइल पाठवली. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाचा प्रकल्प, विषय 'भारतातील मोसमी पावसाचा कल'. एक्सेलमध्ये दोन कॉलम होते, साल आणि पाऊस. शेजारी आलेख, त्यावर लाल ठिपक्यांची खाली उतरणारी रेघ, आणि खाली ठळक अक्षरांत निष्कर्ष: 'भारतातील मोसमी पाऊस दरवर्षी 2.65 मिमीने घटत असून 27 वर्षांत सुमारे 70 मिमी घट झाली आहे.'

आकडेमोड बरोबर होती. मी तिच्याच शीटमध्ये रेघेचा उतार काढणारं `SLOPE` पुन्हा चालवून पाहिलं, उणे 2.65 आलं. तरी हा निष्कर्ष चुकीचा होता. तो कुठे चुकला हे शोधताना आम्ही जे केलं ते इथे क्रमाने मांडतो. आकडे सगळे देतो आहे, म्हणजे कुणालाही आपल्या शीटमध्ये भरून ताडून बघता येईल.

हा आकडा नेमका कशाचा?

तिने वापरलेली मालिका पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेची (आयआयटीएम) आहे. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांचा अखिल भारतीय पाऊस, 1871 पासून. बी. पार्थसारथी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती बांधली. देशभरातली 306 पर्जन्यमापक केंद्रं निवडली आणि प्रत्येक केंद्राला त्याच्या जिल्ह्याच्या क्षेत्रफळाएवढं वजन दिलं. हिमालयातला डोंगराळ भाग बाहेर ठेवला, कारण तिथे केंद्रं विरळ आणि पाऊस दर दोन कोसांवर वेगळा.

या मालिकेचं मोल त्या 306 केंद्रांच्या ठरलेल्या जाळ्यात आहे. केंद्रं दर दशकात वाढत गेली असती तर पाऊस बदलला की मोजणी बदलली हे सांगता आलं नसतं. कोकणात चार मापकं वाढवली की 'देशाचा' पाऊस वाढलेला दिसणारच.

भाचीकडे 1961 ते 1987 होतं, कारण तिला सापडलेल्या जुन्या अहवालातला तक्ता तिथे संपत होता. पुढची तीन वर्षं मी त्याच मालिकेतून भरली. पूर्ण मिमीत आकडे असे:

```
1961-70: 1020  810  858  923  709  740  860  755  831  940
1971-80:  887  653  913  748  963  857  883  909  708  883
1981-90:  852  735  956  837  760  743  697  962  867  909
```

A कॉलममध्ये साल, B मध्ये पाऊस, दुसऱ्या ओळीपासून एकतिसाव्यापर्यंत.

पहिली चूक माझीच

सरासरी काढली तर 845 आली. भाचीने मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर बेरीज मारून सांगितलं, "मामा, माझी 839 येतेय." मला वाटलं तिनेच एखादा आकडा दोनदा घेतला असेल. नव्हता घेतला.

मी जुनी वर्षं तिच्या शीटमधून न घेता पीडीएफमधून पुन्हा चिकटवली होती, आणि 1972 च्या 653 मागे एक न दिसणारी मोकळी जागा चिकटून आली होती. एक्सेलच्या लेखी तो आकडा उरला नव्हता, मजकूर झाला होता. `AVERAGE` मजकुराला काही न बोलता वगळतं. कुठे लाल खूण नाही, कसला इशारा नाही. तीस वर्षांतलं सगळ्यात कोरडं वर्ष हिशेबातून गायब, आणि सरासरी सहा मिमीने वर. आकडे सरासरीभोवती किती पसरले आहेत ते मोजणारं `STDEV.S` सुद्धा 94.5 ऐवजी 89.3 दाखवत होतं, म्हणजे पाऊस खऱ्यापेक्षा अधिक भरवशाचा दिसत होता.

हे पकडायला दोन सूत्रं शेजारी शेजारी लिहायची:

```
=COUNT(B2:B31)
=COUNTA(B2:B31)
```

पहिलं फक्त संख्या मोजतं, दुसरं भरलेले सगळे सेल मोजतं. इथे 29 आणि 30 आलं. कॉलमची मांडणी कुणी मुद्दाम बदललेली नसेल तर डोळ्यांनाही कळतं: संख्या उजवीकडे सरकून बसतात, मजकूर डावीकडे. पीडीएफमधून किंवा वेबपानावरून आलेली ती जागा साध्या `TRIM` ने जात नाही, कारण ती वेगळ्या प्रकारची असते. तिला असं काढावं लागतं:

```
=VALUE(SUBSTITUTE(B13,CHAR(160),""))
```

याचीच उलटी चूक गावाकडच्या, तालुक्याच्या नोंदवहीत फार दिसते. मापक बिघडलेला होता, माणूस रजेवर होता, म्हणून रकाना कोरा. टंकताना कुणीतरी तिथे 0 घालतं. कोरा रकाना म्हणजे 'माहीत नाही' आणि 0 म्हणजे 'पाऊस पडला नाही'. एक्सेल कोऱ्याला सरासरीतून वगळतं, शून्याला धरतं. जुलै महिन्यात सलग बारा शून्यं दिसली तर आधी ती खरी आहेत का हे शेजारच्या केंद्राशी ताडायचं, मगच पुढे जायचं.

सरासरी पाऊस पडणारी वर्षं

आकडे नीट झाल्यावर सरासरी 838.9 मिमी, म्हणजे 839. मध्यक (`MEDIAN`) 857.5. प्रमाण विचलन 94.5, म्हणजे सरासरीच्या सव्वाअकरा टक्के.

सरासरी मध्यकापेक्षा साडेअठरा मिमीने खाली आहे, हे पाहून मी आकडे लहान ते मोठे असे लावले (`SORT`, किंवा मेन्यूतून). तिथे एक गंमत दिसली. 653 पासून 760 पर्यंत दहा वर्षं आहेत. मग 810 पर्यंत एकही वर्ष नाही, पन्नास मिमीची मोकळी पट्टी. मधे 810, 831, 837 अशी तीनच वर्षं, आणि 852 पासून वर सतरा.

म्हणजे या तीस वर्षांत पावसाचे दोन घोळके आहेत, एक कोरडा आणि एक बऱ्यापैकी ओला. सरासरी पडते या दोन्हींच्या मधल्या ओसाड जागेत. 839 च्या दहा मिमी अलीकडे-पलीकडे पाऊस झालेली वर्षं किती? दोन. 1969 आणि 1984. 'सरासरीइतका पाऊस' ही गोष्ट तीस वर्षांत दोनदाच घडली. भाचीच्या अहवालात 'सामान्यतः भारतात 839 मिमी पाऊस पडतो' असं वाक्य होतं. ते तिने स्वतःहून खोडलं आणि तिथे लिहिलं, 'दर तीन वर्षांतलं एक वर्ष 760 किंवा त्याखाली गेलं, उरलेल्यांतली बहुतेक 850 च्या वर होती.' शेतकऱ्याला हे दुसरं वाक्य अधिक कामाचं आहे.

कोणती वर्षं वेगळी?

वर्ष सरासरीपासून किती दूर आहे हे प्रमाण विचलनाच्या मापाने मोजायचं. C2 मध्ये हे सूत्र, आणि मग खाली ओढायचं:

```
=(B2-AVERAGE(B$2:B$31))/STDEV.S(B$2:B$31)
```

त्यातली `$` चिन्हं भाचीने गाळली होती. मग सूत्र खाली ओढताना पट्टाही खाली सरकतो: 1970 च्या ओळीत 1970 ते 1990 ची सरासरी, 1985 च्या ओळीत फक्त 1985 ते 1990 ची. वरवर सगळे आकडे बरे दिसतात. ही चूक शेवटच्या ओळीत उघडी पडते. 1990 ला पट्ट्यात एकच आकडा उरतो, एका आकड्याचं प्रमाण विचलन निघत नाही आणि सेलमध्ये `#DIV/0!` येतं. तिने तो एक सेल पुसून टाकला होता! असा शेरा पुसायचा नसतो, तो का आला ते शोधायचं असतं.

`$` घातल्यावर 1961 चा आकडा अधिक 1.92 आला आणि 1972 चा उणे 1.97. बहात्तरचा दुष्काळ महाराष्ट्रात अजून घराघरांत सांगितला जातो, आणि एकसष्ट म्हटलं की पुणेकराला 12 जुलैचं पानशेत आठवतं. त्यामुळे दोन्ही आकडे ओळखीचे होते. तरीही भाचीने विचारलं, "1961 फारच वर आहे. आउटलायर म्हणून काढून टाकू का?"

काढण्यासारखं त्यात काही नव्हतं. ते दोन प्रमाण विचलनांच्या आतच आहे. पण समजा नसतं, तरी फक्त मोठा आहे म्हणून आकडा काढता येत नाही. मी तिला मुंबईचं उदाहरण दिलं. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिमी पाऊस नोंदला गेला आणि त्याच शहरात कुलाब्याला 73 मिमी. शीटमध्ये बसून कुलाब्याशी ताडलं असतं तर 944 म्हणजे दशांशचिन्ह विसरलेला 94.4 वाटला असता. पण तो खरा होता, ज्यांच्या घरात पाणी शिरलं त्यांना विचारा. शिवाय हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो, त्यामुळे हा पाऊस 27 तारखेच्या सकाळच्या मोजणीत आला. नोंदवहीत 26 ची ओळ शोधणारा गोंधळतो तो यामुळे. दुसरा काही पुरावा मिळेपर्यंत आकड्याला हात लावायचा नाही, फक्त शेजारच्या कॉलममध्ये खूण करायची.

आता उणे 1 च्या खाली गेलेली वर्षं मोजली तर सात निघाली: 1965, 1966, 1972, 1979, 1982, 1986, 1987. अधिक 1 च्या वर पाच: 1961, 1970, 1975, 1983, 1988.

पण आयआयटीएमच्या यादीत याच तीस वर्षांत दहा दुष्काळी वर्षं आहेत. आमच्याकडून 1968, 1974 आणि 1985 निसटली. आकडे तेच, नियम तोच, सरासरीच्या एक प्रमाण विचलन खाली. मग तीन वर्षं गेली कुठे?

संस्थेची मोजपट्टी 1871 पासूनच्या लांब मालिकेवरून काढलेली आहे. तिथे सरासरी सुमारे 850 आणि प्रमाण विचलन सुमारे 84, म्हणून दुष्काळाची रेषा 766 च्या आसपास पडते. आम्ही मोजपट्टी या तीस वर्षांवरूनच काढली, आणि या तीस वर्षांत कोरडी वर्षं भरपूर. त्यांनी सरासरी खाली ओढली आणि विचलन फुगवलं, म्हणून आमची रेषा 744 पर्यंत खाली उतरली. ज्यांना मोजायचं त्यांनीच गज वाकवला. 1968 चे 755, 1974 चे 748 आणि 1985 चे 760 त्या वाकलेल्या गजाच्या वर राहिले.

इथे ती पन्नास मिमीची मोकळी पट्टी कामाला आली. रेषा 761 पासून 810 पर्यंत कुठेही ओढा, दहाच वर्षं खाली येतात. `=COUNTIF(B2:B31,"<766")` लिहिलं की 10. आमची 744 ची रेषा मात्र नेमकी कोरड्या घोळक्याच्या मधून जात होती. 1986 चे 743 खाली आणि 1974 चे 748 वर, पाच मिमीच्या फरकाने एक दुष्काळ आणि एक नाही. रेषा दाट वस्तीतून जात असेल तर यादीवर भरवसा ठेवायचा नाही.

आता ती लाल रेघ

1961 ते 1987 चा उतार उणे 2.65. पुढची तीनच वर्षं जोडून 1961 ते 1990 काढला तर उणे 0.48. सत्तावीस वर्षांची 'घट' तीन वर्षांत पाचपटींहून कमी झाली. मग मी भाचीला म्हटलं, आता पहिलं वर्ष गाळून बघ. 1962 ते 1990: अधिक 0.81.

ती बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिली. "मामा, चिन्हच बदललं."

पुढे 1965 पासून सुरुवात केली तर अधिक 1.97. म्हणजे एकाच मालिकेतून 'दरवर्षी अडीच मिमीने घट' आणि 'दरवर्षी दोन मिमीने वाढ' असे दोन्ही मथळे काढता येतात, आणि दोन्हींची आकडेमोड निर्दोष.

कारण साधं आहे. सरळ रेघ बसवताना मधल्या वर्षांचं वजन जवळजवळ शून्य असतं आणि टोकांच्या वर्षांचं सगळ्यात जास्त. तराजूच्या दांडीसारखं: मध्यावर कितीही ठेवा, दांडी हलत नाही, टोकाला पावशेर ठेवलं तरी झुकते. 1961 ते 1987 च्या पट्ट्यात डाव्या टोकाला तीस वर्षांतलं सगळ्यात ओलं वर्ष होतं आणि उजव्या टोकाला 760, 743, 697 अशी ओळीने तीन कोरडी. रेघ उतरणारच. 1965 ते 1990 मध्ये डावीकडे 709 आणि 740, उजवीकडे 962, 867, 909. रेघ चढणारच. भाचीने टोकं मुद्दाम निवडली नव्हती, तिच्या अहवालाचं पान तिथे संपलं एवढंच. पण रेघेला हेतू कळत नाही.

एकेक पट्टा हाताने बदलत बसण्यापेक्षा D2 मध्ये सुरुवातीच्या वर्षाचा क्रमांक (1 ते 30) आणि E2 मध्ये शेवटच्या वर्षाचा क्रमांक लिहून हे सूत्र वापरलं:

```
=SLOPE(INDEX($B$2:$B$31,D2):INDEX($B$2:$B$31,E2),
       INDEX($A$2:$A$31,D2):INDEX($A$2:$A$31,E2))
```

1 आणि 27 दिलं की उणे 2.65, 1 आणि 30 दिलं की उणे 0.48, 5 आणि 30 दिलं की अधिक 1.97. टोकं दोन-चार वर्षांनी सरकवल्यावर चिन्ह टिकत नसेल तर कल आहे असं म्हणता येत नाही. ही परीक्षा कुणालाही करता येते, संख्याशास्त्र शिकलेलं नसलं तरी.

शिकलेल्यांसाठी दुसरी परीक्षा आहे. उतारासोबत त्याची प्रमाण त्रुटी काढायची:

```
=INDEX(LINEST(B2:B31,A2:A31,TRUE,TRUE),2,1)
```

पूर्ण तीस वर्षांसाठी ती 2.03 येते. उतार उणे 0.48 आणि त्याची डगमग 2.03. उतार त्रुटीच्या निदान दुप्पट असेल तर बोलावं असा ढोबळ नियम आहे, इथे तो पावपटही नाही. भाचीच्या सत्तावीस वर्षांच्या पट्ट्यात 2.65 ला त्रुटी 2.34 होती. तेही पुरेसं नाही.

याची दुसरी बाजू तिला सांगणं मला जास्त महत्त्वाचं वाटलं. त्रुटी 2.03 असेल तर उतार दरवर्षी चार मिमीचा असेल तेव्हाच तो आपल्याला दिसेल. म्हणजे तीस वर्षांत सुमारे 120 मिमी, सरासरीचा सातवा हिस्सा. याहून लहान खरा बदल झाला असेल तरी तीस वर्षांच्या या आकड्यांत तो दिसायचा नाही. म्हणून 'पाऊस घटलेला नाही' असंही लिहिता येत नाही. लिहिता येतं ते एवढंच की या आकड्यांवरून घट किंवा वाढ ठरवता येत नाही. आणि हे अख्ख्या देशाच्या सरासरीचं झालं, जिथे एका भागातली तूट दुसऱ्या भागातल्या अधिक पावसाने झाकली जाते. एका कोरडवाहू तालुक्याच्या एकाच मापकाचं विचलन सरासरीच्या 30 टक्के सहज असतं. तिथे तीस वर्षांवर रेघ बसवून निष्कर्ष काढणं म्हणजे धुक्यात अक्षर वाचणं.

रेघ सोडून मोजणी

मग प्रकल्पात लिहायचं काय? मी तिला सुचवलं की रेघ सोड आणि कोरडी वर्षं मोज. 1965 ते 1987 या 23 वर्षांत दहा दुष्काळी वर्षं आहेत, आणि लांब मालिकेत मागे गेलं तर 1921 ते 1964 या 44 वर्षांत फक्त दोन, 1941 आणि 1951. केवढा फरक!

तिने शांतपणे विचारलं, "1965 आणि 1987 ही टोकं तू दुष्काळ बघूनच निवडलीस ना?"

बरोबर होतं तिचं. ज्या खड्ड्यातून तिला काढलं त्यातच मी पाय घातला होता. पहिला आणि शेवटचा दुष्काळ पाहून चौकट आखली की चौकटीत दुष्काळ दाट दिसणारच. म्हणून चौकट आधी ठरवली, आकडे न बघता: तीस-तीस वर्षांचे सलग तुकडे, मालिका सुरू होते तिथपासून. 1871 ते 1900 मध्ये तीन (1873, 1877, 1899). 1901 ते 1930 मध्ये सहा (1901, 1904, 1905, 1911, 1918, 1920). 1931 ते 1960 मध्ये दोन. 1961 ते 1990 मध्ये दहा.

तीन, सहा, दोन, दहा. यावरून सरळ रेघ काढायचा मोह कुणाला होऊ नये. पण यात काहीतरी आहे, आणि ते उताराच्या सूत्रात कधीच आलं नसतं. 120 वर्षांत 21 म्हणजे तीस वर्षांच्या तुकड्याला सव्वापाच. नुसत्या योगायोगानेही दोन किंवा तीन इकडेतिकडे होईल. तीन, सहा आणि दोन त्यात बसतात. दहा काठावरून बाहेर पडतात.

याचा अर्थ भाचीने घेतलेली तीस वर्षं मुळातच वेगळी होती. ती 'सामान्य काळ' म्हणून धरून पुढच्या पावसाची तुलना केली तर पुढचा काळ आपोआप बरा दिसणार.

पुढची वर्षं जोडताना

शेवटी तिला मालिका आजपर्यंत आणायची होती. हवामान खात्याचे अलीकडचे आकडे सहज मिळतात, म्हणून 1990 च्या खाली ते चिकटवायला ती निघाली होती. इथे मात्र मी वेळेत अडवलं. खात्याची अखिल भारतीय मालिका वेगळी आहे. केंद्रं जास्त आहेत आणि डोंगराळ भागही धरलेला आहे. तिची 1961 ते 2010 ची सरासरी सुमारे 88 सेंटिमीटर आहे, आणि आमच्या मालिकेची लांब सरासरी 85. ही दोन कापडं तशीच जोडली तर 1990 आणि 1991 च्या मधे तीन सेंटिमीटरची पायरी तयार होते, आणि एक्सेलची लाल रेघ त्या पायरीला इमानेइतबारे 'वाढता पाऊस' म्हणेल.

उपाय एकच होता, प्रत्येक मालिका तिच्या स्वतःच्या सरासरीच्या टक्क्यांत मांडायची. खाते तसंही पाऊस दीर्घकालीन सरासरीच्या टक्क्यांत सांगतं: 2002 ला 81 टक्के, 2009 ला 78, 2015 ला 86. 90 टक्क्यांच्या खालचं वर्ष तुटीचं धरलं (प्रमाण विचलन सरासरीच्या दहा टक्क्यांजवळ असल्याने दोन्ही नियम जवळजवळ एकच होतात) तर 1991 ते 2020 मध्ये पाच येतात: 2002, 2004, 2009, 2014, 2015. यातही एक बारीक गोम आहे. खातं ही सरासरी दर दहा वर्षांनी बदलतं. 1951 ते 2000 ची 89 सेंटिमीटर होती, 1971 ते 2020 ची 87 आहे. म्हणजे 2010 चे 100 टक्के आणि 2023 चे 100 टक्के हे एकच पाणी नव्हे. त्यासाठी भाचीने टक्क्यांच्या शेजारी 'कुठल्या काळाची सरासरी' असा तिसरा कॉलम घातला.

प्रकल्पातून लाल रेघेचा आलेख गेला. त्या जागी पाच खांबांचा आलेख आला: 3, 6, 2, 10, 5. शेवटचा खांब तिने वेगळ्या रंगात ठेवला, कारण तो दुसऱ्या मालिकेतून आला आहे. तोंडी परीक्षेत तिला पहिलाच प्रश्न आला, "ट्रेंडलाइन कुठे आहे?" तिने लॅपटॉप उघडला, D2 मध्ये 1 च्या जागी 2 टाकला आणि स्क्रीन परीक्षकांकडे वळवली.